भट्टी खाली करण्याचा दिवस: वीटभट्टीवर देखरेखीला नव्याने येणाऱ्यांसाठी

वीटभट्टीवर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची नजर धुराड्याकडे जाते. धूर दिसतो, म्हणून तोच मोठा वाटतो. पण ऊन, भट्टीची धग, राखेची धूळ आणि डोक्यावरचं ओझं हे चारही त्रास एकाच वेळी एकाच माणसाच्या वाट्याला येतात ते भाजलेल्या विटा बाहेर काढताना. म्हणून या लेखात चिखल मळणं, वीट थापणं, भट्टी रचणं बाजूला ठेवलं आहे. भट्टी खाली करण्याचं काम तेवढं घेतलं आहे. तुम्ही पर्यवेक्षक असाल, आरोग्य कार्यकर्ते असाल किंवा नवे मुकादम असाल, सुरुवात इथून करा. हे एक काम नीट बसवलं की बाकीच्या कामांत काय बघायचं ते आपोआप कळतं.

पहिली पायरी: एका खेपेबरोबर चाला

पहिल्या दिवशी कुणाला काही सांगू नका. वही, घड्याळ आणि मोजपट्टी घ्या आणि विटा वाहणाऱ्या एका बाईबरोबर किंवा माणसाबरोबर तिच्या परवानगीने दहा खेपा चाला. वीट कुठून उचलली, कुणी डोक्यावर चढवली, वाट कुठून गेली, कुठे पाय अडखळला, कुठे उतरवल्या, परत यायला किती वेळ लागला, सगळं लिहा. सोबत पाच विटा वजनकाट्यावर ठेवून सरासरी काढा. भाजलेली वीट साधारण तीन किलोची असते, पण साच्यानुसार यात बराच फरक पडतो. कच्ची ओली वीट त्याहून चांगलीच जड भरते.

आता माझ्या वहीतलं एक उदाहरण घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वीट तीन किलोची. एका खेपेला १२ विटा, म्हणजे डोक्यावर ३६ किलो. भट्टीच्या तोंडापासून ट्रॉली उभी असते तिथवर ७० मीटर, जाऊन येऊन १४० मीटर. एका खेपेला चढवणं, उतरवणं धरून तीन मिनिटं. एका बाईच्या वाट्याला दिवसाला १,५०० विटा, म्हणजे १२५ खेपा.

गुणाकार करा. १२५ खेपांचे १७.५ किलोमीटर होतात, त्यातले निम्मे डोक्यावर ३६ किलो घेऊन. दिवसभरात मानेवरून साडेचार टन माल गेला. कामाचा निव्वळ वेळ ३७५ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. त्यात पाणी पिणं नाही, सावलीत बसणं नाही, लघवीला जाणं नाही.

हे आकडे मी पहिल्यांदा मांडले तेव्हा मुकादम म्हणाला, "ताई, त्यांना सवय आहे." सवय घामाला लागते, मणक्याला लागत नाही. उचलण्याच्या कामासाठी तज्ज्ञांनी मांडलेलं जे सूत्र जगभर वापरतात, त्यात २३ किलोपासून मोजायला सुरुवात होते. तेही वजन अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, न वळता, कधीतरी उचलायचं असेल तर. उचलण्याची वारंवारता वाढली, वाकावं लागलं, वळावं लागलं की तो आकडा खाली येत जातो. हे सूत्र डोक्यावर ओझं घेऊन चालण्यासाठी नाही, हे खरं. तरी ३६ किलो १२५ वेळा म्हणजे काय, याचा अंदाज त्यातून येतो.

दुसरी पायरी: भट्टी निवली आहे का, ते आधी पाहा

आतली वीट भाजताना ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. बाहेरचा थर थंड लागला म्हणून आतलाही थंड झाला असेल असं नाही. विटा आणि राख दोन्ही उष्णता धरून ठेवतात. घाई असली, गाडी दारात उभी असली की भट्टी एक-दोन दिवस आधीच उघडली जाते. बरेच चटके आणि उष्णतेची दुखणी या घाईतून येतात.

निवली आहे की नाही हे ओळखायला मोठं उपकरण लागत नाही. हातभर लांबीची लोखंडी सळी विटांच्या फटीतून आत सरकवा, दोन मिनिटं राहू द्या, बाहेर काढून तिचं टोक ओल्या पोत्यावर टेकवा. चर्र असा आवाज आला किंवा वाफ निघाली तर तो थर आज उघडायचा नाही. हीच सळी राखेच्या ढिगातही खुपसून पाहा. वरून पांढरी, गार दिसणारी राख आत निखारा सांभाळून असते आणि तिच्यात पाय गेला की घोट्यापर्यंत भाजतो. लांबून तापमान दाखवणारं हातातलं यंत्र मिळालं तर उत्तमच. हाताळायची वीट ४५ अंशांच्या पुढे असेल तर उघड्या हाताने ती घेऊ द्यायची नाही, ही माझी मर्यादा. कारण एक वीट क्षणभर धरणं वेगळं आणि दिवसभर एकामागून एक धरणं वेगळं.

लवकर निवावी म्हणून गरम विटांवर पाणी ओतण्याचा मोह होतो. तो टाळा. भसकन वाफ उठते, तिच्याबरोबर राख उडते आणि तोंड-हात भाजतात. वीटही तडकते, हे मालकाला पटवायला जास्त उपयोगी पडतं. निववायला वारा लागतो. वाऱ्याच्या दिशेचं तोंड आदल्या दिवशी उघडून ठेवलं, वरचा थर हलवला, तर सकाळपर्यंत बराच फरक पडतो.

विटा काढताना वरून खाली पायऱ्या पाडत या. खालून पोखरत गेलं की वरची भिंत अंगावर येते. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी कुणी काम करत असताना वर कुणी चढायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा.

तिसरी पायरी: खेप आखूड करा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

भट्टीवर मजुरी बहुतेक हजारी दराने मिळते. जितक्या विटा, तितके पैसे. अशा ठिकाणी "तासाला पंधरा मिनिटं विसावा घ्या" असं सांगणाऱ्या माणसाकडे कामगार कोरड्या नजरेने बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पंधरा मिनिटांत पाच खेपा होतात. पाच खेपा म्हणजे ६० विटा. विसावा घेतला की तेवढी मजुरी गेली. म्हणून विसाव्याचा वेळ आधी कुठूनतरी काढून द्यावा लागतो, आणि तो वाटेत सापडतो.

वरच्याच उदाहरणात काय केलं ते सांगते. ट्रॉली ७० मीटरवर का उभी राहत होती? कारण भट्टीच्या बाजूला फुटक्या विटांचा ढीग आणि राख पडलेली होती आणि चाक रुतत होतं. तो ढीग हलवायला, तुकडे पसरून ठोकून पक्की वाट करायला चार माणसांना दीड दिवस लागला. ट्रॉली २५ मीटरवर आली. खेपेतल्या विटा १२ वरून ८ केल्या, म्हणजे ओझं २४ किलो.

आता खेपा वाढल्या, १८८ झाल्या. पण जाऊन येऊन अंतर ५० मीटर उरलं, म्हणून दिवसाचं चालणं ९.४ किलोमीटरवर आलं. आठच विटा असल्याने चढवणं-उतरवणंही लवकर झालं. खेपेला दीड मिनिट धरलं तर १८८ खेपांना २८२ मिनिटं लागतात. आधीच्या ३७५ मिनिटांतून ९३ मिनिटं वाचली. दर ४५ मिनिटांच्या कामानंतर १५ मिनिटं सावलीत बसायचं म्हटलं तर २८२ मिनिटांत असे सहा विसावे येतात, म्हणजे ९० मिनिटं. विटा तेवढ्याच, मजुरी तेवढीच, घरी जायची वेळ तीच. चालणं जवळपास निम्मं झालं, डोक्यावरचं वजन तिसऱ्या हिश्शाने उतरलं आणि दीड तास सावली मिळाली.

यात दोन धोके आहेत. पहिला असा की खेपा वाढल्या म्हणजे ओझं चढवण्याच्या वेळाही वाढल्या. विटा जमिनीवरून उचलून डोक्यावर चढवायच्या असतील तर पाठीचा फायदा तिथेच संपतो. म्हणून भट्टीच्या तोंडाशी कंबरेच्या उंचीचा एक ओटा हवा. विटांचाच रचायचा, वर फळी टाकायची. काढणाऱ्याने विटा ओट्यावर ठेवायच्या, वाहणारीने तिथून घ्यायच्या. ट्रॉलीच्या टोकालाही तसंच. फाळका पाडून ठेवला तर खांद्याच्या वर हात न नेता विटा उतरवता येतात. ओटा रोज भट्टीबरोबर सरकवावा लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा करून तो मागेच राहतो. तुम्ही आठवड्याने परत जाल तेव्हा आधी ओटा कुठे आहे ते पाहा. तोंडापासून दहा पावलं मागे राहिला असेल तर पुन्हा वाकणं सुरू झालेलं असतं.

दुसरा धोका असा की वाचलेला वेळ पाहून मालक विटांचं लक्ष्य वाढवतो. तसं झालं तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून वाट बदलण्याआधी मालक, मुकादम आणि कामगार यांच्यासमोर दिवसाच्या विटा आणि विसाव्याच्या वेळा ठरवून भिंतीवर लिहून घ्या. आणि जिथे वाट आखूड करायला जागाच नाही तिथे हजारी दर वाढवण्याला पर्याय नसतो. तासातली ४५ मिनिटंच काम होणार असेल तर तेवढ्याच कमाईसाठी दर एक तृतीयांशाने चढायला हवा. हे गणित मालकासमोर मांडायला लाजू नका.

हातगाडीचं काय, असा प्रश्न येतोच. हातगाडीत ४० विटा म्हणजे १२० किलो आणि १,५०० विटांना ३८ फेऱ्या. मानेवरचा भार पूर्ण जातो. पण वाट सपाट, कडक आणि चढ नसलेली हवी. मऊ मातीत किंवा राखेत एका चाकाची गाडी डोलते आणि तोल सांभाळताना कंबरेला झटका बसतो. दोन चाकांची, हवा भरलेल्या टायरची गाडी घ्या आणि ती बायकांनाही ढकलता येते का हे त्यांच्याकडूनच तपासून घ्या. मी पाहिलेल्या एका ठिकाणी नवी कोरी गाडी पावसाळाभर झोपडीमागे गंजत होती, कारण तिच्या मुठी उंच होत्या आणि ठेंगण्या बाईला खांदे वर ओढूनच ती धरावी लागत होती. मुठी कापून खाली जोडल्यावर गाडी चालू झाली.

डोक्यावरून वाहणं जोवर आहे तोवर चुंबळ जाड, रुंद आणि कोरडी हवी. घामाने भिजून चपटी झालेली चुंबळ दुपारी बदलायला दुसरी जवळ ठेवा. पायात रबरी सपाता नकोत, गरम राखेवर तळ वितळतो. जाड चामड्याचा तळ आणि पुढून बंद असलेली चप्पल किंवा बूट द्या. हाताला चामडी मोजे द्या. नुसती टायरच्या रबराची पट्टी बांधली की तळवा वाचतो, बोटांची टोकं सोलली जातात.

चौथी पायरी: पाणी, सावली आणि संडास एकत्र पाहा

पाणी आहे का, असं विचारलं तर सगळीकडे होकार मिळतो. विचारायचं असतं ते पाणी किती पावलांवर आहे. ८० मीटरवर हंडा असेल तर एका घोटासाठी १६० मीटर चालणं, म्हणजे एक अख्खी खेप बुडाली. मग बाई तहान मारते. हंडा वाहण्याच्या वाटेवरच हवा, सावलीत, झाकलेला, ओगराळ्यासकट. जड कामाला उन्हात दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर, हे चांगलं प्रमाण आहे. तासाला पाऊण लिटर ते एक लिटर होतं. सहा जणांना सहा तासांसाठी किमान २७ लिटर, म्हणून ४० लिटरचं भांडं ठेवा. हात-तोंड धुण्याचं पाणी वेगळं. उलट, एका तासात दीड लिटरच्या वर पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं मीठ फार पातळ होतं. घाम खूप जात असेल तर मीठ जेवणातून भरून निघतं. जेवण चुकलं असेल, पेटके येत असतील किंवा उलटी झाली असेल तर मीठ-साखरेचं पाणी द्या. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

पाणी पुरतं का हे तपासायची सोपी रीत म्हणजे माणसाचा वजनकाटा. सकाळी कामाआधी आणि दुपारी काम थांबल्यावर वजन करा. एक किलो कमी झालं तर एक लिटर पाणी कमी पडलं. ५० किलोच्या बाईचं वजन एका किलोने उतरलं म्हणजे अंगाच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटलं, आणि तिथून डोकं दुखणं, पाय जड होणं सुरू होतं. रोजच्या रोज असं कोरडं पडून जड काम करत राहिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. निकाराग्वातल्या वीटभट्टी कामगारांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडाचा आजार आढळला आहे.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. एका भट्टीवर पाणी वाटेवर ठेवलं होतं, थंड होतं, सावलीही होती. पुरुष पीत होते. बायकांचे पेले तसेच. मी एकीला विचारलं, "मावशी, तहान लागत नाही का?" ती हसली नाही. म्हणाली, "लागते की. पण पाणी प्याले तर जायचं कुठं, ताई? अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं." त्या भट्टीवर संडास नव्हता. पाण्याचं सगळं नियोजन तिथेच फसलं होतं.

तेव्हापासून मी संडासाशिवाय पाण्याची पायरी पूर्ण झाली असं मानत नाही. बायकांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा, आत पाण्याची बादली आणि पाळीचे कपडे टाकायला झाकणाचा डबा असलेला आडोसा भट्टीच्या तोंडापासून दोन-तीन मिनिटांच्या वाटेवर हवा. भट्टी जिथे दर हंगामात जागा बदलते तिथे हलवता येणारी चौकट आणि खड्डा चालतो. फक्त खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर आणि तिच्या उताराच्या बाजूला असावा. बांधून झाला की काम संपलं असं समजू नका. कोण रोज धुणार आणि त्याला त्याचे वेगळे पैसे मिळणार का, हे ठरलेलं नसेल तर पंधरा दिवसांत त्याला कुलूप लागतं.

सावली भट्टीच्या भिंतीची घेऊ नका. भिंत सावली देते आणि धगही देते. चार बांबू आणि वर गवताचं किंवा दुहेरी कापडाचं छप्पर, वारा येईल असं, धूर येणार नाही अशा बाजूला. पत्रा टाकला तर तो स्वतःच तापतो.

इथे तापमानाबद्दल एक सांगायला हवं. सावलीत टांगलेला तापमापक ३८ अंश दाखवतो म्हणून भट्टीच्या तोंडाशीही ३८ आहे असं समजू नका. तिथे धगीचा भाग वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी काळ्या गोळ्याचा तापमापक आणि ओल्या कापडाचा तापमापक असे दोन लागतात, किंवा हे सगळं एकत्र मोजणारं छोटं यंत्र मिळतं. उन्हातलं गणित असं: ओल्या तापमापकाचे ०.७, काळ्या गोळ्याचे ०.२ आणि साध्या हवेचे ०.१ भाग. ओला २५, गोळा ४८ आणि हवा ३८ असेल तर १७.५ अधिक ९.६ अधिक ३.८, म्हणजे ३०.९. सरावलेल्या माणसाने मध्यम कष्टाचं काम सलग करायची मर्यादा २८ धरतात, जड कामाची २६. म्हणजे या वेळी काम सलग चालवायचं नाही. काम पहाटे सुरू करा, उन्हं चढली की थांबवा, उरलेलं संध्याकाळी. नुसता विसावा वाढवून भर दुपार पार पाडता येईल या भरवशावर राहू नका.

पाचवी पायरी: नव्या माणसाचा पहिला आठवडा

उष्णतेने कोसळणाऱ्यांत नव्याने आलेले फार असतात. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ती सवय पुढच्यांच्या बरोबरीने धावून लवकर लागत नाही. पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढीच भर. आपल्या उदाहरणात ३०० विटा, मग ६००, ९००, १,२०० आणि पाचव्या दिवशी १,५००. जुना माणूस आजारपणातून किंवा गावाहून बऱ्याच दिवसांनी परतला असेल तर निम्म्यापासून सुरू करून ६०, ८० आणि १०० टक्के, असे चार दिवस.

या दिवसांची मजुरी हजारीवर नाही, रोजावर द्यावी लागते. नाहीतर नवा माणूस, विशेषतः उचल घेऊन आलेला, पहिल्याच दिवशी जीव तोडून १,५०० विटा वाहतो. बाळंतीण, गरोदर बाई आणि ताप असलेल्या माणसाला वाहण्याच्या कामावर घ्यायचं नाही. मोजणी, पाणी देणं, पाळण्याजवळ लक्ष ठेवणं अशी कामं त्याच रोजावर द्या. लहान मुलांची जागा वारा जिकडून येतो त्या बाजूला, वाहनांच्या वाटेपासून दूर, पण आईला पाजायला पाच मिनिटांत जाता येईल इतकी जवळ हवी. फार लांब ठेवलेला पाळणाघराचा मांडव रिकामाच राहतो आणि मुलं पुन्हा राखेत खेळतात.

सहावी पायरी: राख आणि धूळ

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. फुप्फुसाच्या तळाला जाते ती न दिसणारी. मातीत आणि राखेत सिलिका असते आणि तिच्या बारीक कणांनी फुप्फुसात जे व्रण होतात ते बरे होत नाहीत. त्याला सिलिकोसिस म्हणतात. सिलिका श्वासात जाणाऱ्यांना क्षयही लवकर गाठतो. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर "धुळीचा आहे" म्हणून सोडू नका, थुंकीची तपासणी करून घ्या.

तोंडाला बांधलेला गमछा किंवा पदर, ओला असला तरी, हे बारीक कण थांबवत नाही. उपयोगी पडतो तो एन९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. पण धगीत, घामात असा मास्क दिवसभर लावून ओझं वाहणं जवळपास अशक्य आहे, आणि तशी सक्ती केली तर तो हनुवटीवर येतो. म्हणून मी मास्क फक्त राख झाडण्याच्या आणि विटा खरवडण्याच्या कामाला ठेवते, ते काम पहाटे अर्ध्या-पाऊण तासात उरकते आणि त्या वेळी वाहणाऱ्यांना बाजूला थांबवते. धूळ कमी करायचा खरा उपाय पाण्याचा. निवलेल्या राखेवर आणि वाटेवर झारीने हलकं पाणी शिंपडा, मग खराट्याने न झाडता फावड्याने ओढा. सळीने तपासल्याशिवाय राखेवर पाणी टाकायचं नाही, कारण वाफेचा धोका इथेही तोच.

घरी जाताना कपडे झटकायची सवय मोडा. एका झटक्यात दिवसभराची राख लेकरांच्या नाकात जाते. न्हाणीघर भट्टीवरच हवं, आणि कामाचे कपडे तिथेच पाण्यात बुडवून धुवावेत.

सातवी पायरी: धूर आणि रात्रीची ऊब

धुराचा डोळ्यांना, घशाला झोंबणारा भाग माणसाला आपोआप बाजूला ढकलतो. न झोंबणारा कार्बन मोनॉक्साइड जास्त घातक आहे. त्याला रंग नाही, वास नाही. हवा कमी मिळून जळण धुमसत राहिलं की तो जास्त तयार होतो, म्हणजे रात्री भट्टी दाबून ठेवल्यावर. आणि थंडीच्या रात्री माणसं ऊब मिळावी म्हणून भट्टीच्या भिंतीला लागूनच झोपतात. भट्टीवर किंवा तिच्या आडोशाला झोपायचं नाही, हा नियम कुठल्याही सबबीने शिथिल करू नका. पण नियम केला तर ऊब दुसरीकडे द्यावी लागेल. वाऱ्याच्या वरच्या अंगाला झोपड्या, जमिनीपासून उंच झोपायची जागा आणि पुरेशी पांघरुणं. झोपडीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावता आला तर लावा.

ओळखायचं कसं? एकाच ठिकाणी झोपलेल्या दोघा-चौघांचं सकाळी एकदम डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. हे उष्णतेसारखंच दिसतं, पण सकाळच्या गारव्यात झालं तर आधी वायूचा संशय घ्या. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखं दिसतं आणि ते ९८ दाखवतं. आकडा चांगला आला म्हणून माणसाला परत झोपवू नका. मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या.

आठवी पायरी: कुणी कोसळलं तर

पेटके, खूप घाम, अशक्तपणा, पण बोलणं ताळ्यावर: सावलीत बसवा, कपडे सैल करा, पाणी घोट घोट द्या, त्या दिवशी काम बंद.

बोलणं असंबद्ध, चाल डगमगती, चिडचिड, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. कोरडी कातडी असायलाच हवी असा गैरसमज आहे आणि त्या गैरसमजात वेळ जातो. एकाने रुग्णवाहिकेला फोन करायचा, बाकीच्यांनी तिथल्या तिथे थंड करायला लागायचं. कपडे काढून अंगावर सतत पाणी ओता, टाकी किंवा हौद असेल तर गळ्यापर्यंत बुडवा आणि डोकं धरून ठेवा, नाहीतर ओली चादर गुंडाळून पुन्हा पुन्हा भिजवा आणि वारा घाला. पहिला अर्धा तास निर्णायक असतो, म्हणून गाडीची वाट बघत नुसतं सावलीत निजवून ठेवू नका. शुद्ध हरपलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं.

यासाठी भट्टीजवळ २०० लिटरचा भरलेला पिंप, दोन चादरी आणि दोन बादल्या कायम ठेवा, आणि त्या पाण्याला दुसऱ्या कामासाठी हात लावू देऊ नका. रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि भट्टीवर यायची वाट, कुठल्या फाट्यावर वळायचं ते, झोपडीच्या भिंतीवर ठळक लिहा. फोन करणारा माणूस बहुतेक वेळा परगावचा असतो आणि घाबरल्यावर त्याला जागेचं नाव सांगता येत नाही. ज्याला उष्माघात झाला तो डॉक्टरांनी सांगेपर्यंत कामावर परत येणार नाही. त्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे वाट बदलण्याच्या दिवशी भिंतीवर जे लिहून घेतलं, त्याच्या खालच्या ओळीत लिहून ठेवा.